पन्नास पिल्लांसाठी: हॅचरी, सरकारी केंद्र की बाजारवाला? आणि खाद्य कुठलं?

नाशिकमध्ये परसातल्या कोंबड्यांसाठी पिल्लं तीन ठिकाणी मिळतात: सरकारी उबवणी केंद्र, खासगी हॅचरीचा डीलर आणि गाडीवर पिल्लं आणणारा फेरीवाला.

फेरीवाल्याचा विचारच करू नका. त्याच्याकडची रंगवलेली स्वस्त पिल्लं बहुधा लेयर जातीचे नर असतात. ती अंडी देणार नाहीत आणि मांसही धरणार नाहीत.

सरकारी केंद्राची किंमत परवडते आणि जातीची खात्री असते, पण आगाऊ नोंदणी करून पाळीची वाट पाहावी लागते. मुंबईत गोरेगावच्या आरे कॉलनीत केंद्रीय कुक्कुट विकास संघटना आहे. तिथे सध्या कुठली पिल्लं निघतात ते जायच्या आधी फोनवर विचारा. खासगी हॅचरीकडे पिल्लं लवकर मिळतात, मात्र बिलावर जातीचं नाव आणि मॅरेक्सची लस टोचल्याची नोंद मागा. ही लस पहिल्याच दिवशी हॅचरीतच मानेच्या कातडीखाली टोचावी लागते, घरी आणल्यावर उपयोग नाही. नोंद द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरा डीलर पाहा.

जात निवडताना वनराज वजनाला आणि ग्रामप्रिया अंड्यांना, एवढं लक्षात ठेवा. नर-मादी न निवडलेल्या पन्नास पिल्लांत साधारण निम्मे नर निघतात, म्हणून अंड्यांचा हिशोब पंचवीस तलंगांवरच मांडा.

एक दिवसाची पिल्लं स्वस्त पडतात, पण पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे ३५ अंश ऊब लागते. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा फार खाली जातो, त्यातच रात्री वीज गेली की पिल्लं बल्बखाली एकावर एक चढून गुदमरतात. थंडीत सुरुवात करायची असेल तर मी चार आठवड्यांची, लासोटा आणि गंबोरो या लसी झालेली पिल्लं जास्त पैसे देऊन घेईन. उन्हाळ्यात मात्र एक दिवसाचीच. हातात घेऊन बेंबी कोरडी आणि मिटलेली आहे का बघा. पिल्लू पाठीवर उताणं ठेवलं तर लगेच उलटून उभं राहिलं पाहिजे.

खाद्यात गोदरेज, वेंकीज, सुगुणा अशी नावं ऐकू येतील. माझ्या मते ब्रँडपेक्षा पोत्यावरची तारीख आणि प्रकार महत्त्वाचा. पिल्लांना चिक मॅश हवं, त्यात प्रथिनं वीस टक्क्यांच्या आसपास असतात. लेयर मॅश चुकूनही नको, कारण त्यातलं जास्तीचं कॅल्शियम लहान पिल्लांची मूत्रपिंडं खराब करतं. ब्रॉयलर स्टार्टर चालून जातं, पण महाग पडतं.

पन्नास पिल्लं चार आठवड्यांत साधारण चाळीस किलो खातात, म्हणजे पन्नास किलोचं एकच पोतं पुरतं. तेच महिनाभर चालणार, म्हणून ते ताजं हवं: ज्याच्याकडे माल पटापट खपतो त्याच डीलरकडून घ्या. महिन्यापेक्षा जुनं पोतं पावसाळ्यात तर नकोच: मक्याला बुरशी लागली की कुबट वास येतो आणि गोळे होतात. असं खाद्य उन्हात वाळवूनही विषारीच राहतं. पोतं जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा.