माहितीपटाचं निवेदन मराठवाड्यासाठी: कोशाची मराठी, बोली की साधी बोलती मराठी?

हवामान आणि शेतीवरचा इंग्रजी माहितीपट मराठीत आणायचा आहे आणि तो लातूर, बीड, परभणीकडच्या गावांत सभामंडपात पडदा लावून दाखवायचा आहे, असं काम हाती आलं की पहिला प्रश्न भाषेचा असतो. तीन वाटा दिसतात. एक, परिभाषाकोशातली शुद्ध मराठी. दोन, मराठवाडी बोली. तीन, साधी बोलती प्रमाण मराठी, पण शब्द शिवारातले. मी तिन्ही करून पाहिल्या आहेत. मत आधीच सांगतो: निवेदनाला तिसरी. का, ते एका वाक्यावरून दाखवतो.

मूळ वाक्याचा आशय असा: त्या वर्षी भागात मान्सूनचा पाऊस ‘नॉर्मल’ होता, पण पावसाचे दिवस घटले आणि कोरड्या दिवसांचे पट्टे लांबले. निवेदकाकडे त्यासाठी बारा सेकंद आहेत.

कोशाची मराठी म्हणते: ‘या प्रदेशात पर्जन्यमान सामान्य राहिले, तथापि पर्जन्यदिनांची संख्या घटली व शुष्क कालखंड दीर्घ झाले.’ ऐकायला भारदस्त आहे आणि वेळेतही बसतं. पण ‘सामान्य’ हा शब्द सगळा घोटाळा करतो. हवामान खात्याच्या भाषेत जिल्ह्याचा हंगामी पाऊस सरासरीच्या १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त, एवढ्या पट्ट्यात असेल तर तो ‘नॉर्मल’. म्हणजे एखाद्या जिल्ह्याची सरासरी ७०० मिलिमीटर धरली तर ५६७ पडला तरी नॉर्मल आणि ८३३ पडला तरी नॉर्मल. शेतकरी मात्र ‘सामान्य पाऊस’ म्हणजे बरा पाऊस, पीक आलं, असं समजतो. ज्याचं सोयाबीन ऐन फुलोऱ्यात वाळलं, त्याला ‘पाऊस सामान्य होता’ ऐकवलं की पुढचा अर्धा तास तो तुमच्यावर विश्वास ठेवत नाही.

बोलीत तेच असं होतं: ‘त्या साली पाऊस पडाय तसा पडला, पर मधी लई दिस गायबच झाला.’ गोड आहे, लोक हसतात. पण हसतात हेच दुखणं आहे. निवेदकाचा आवाज शहरातला असेल तर ती बोली विनोदी नाटकातली वाटते. शिवाय मराठवाडी बोली म्हणजे एकच एक बोली नव्हे. उदगीरची वेगळी, हिंगोलीकडची वऱ्हाडीच्या अंगानं जाणारी, जालन्याची आणखी निराळी. आणि बोलीच्या ओघात ‘पावसाचे दिवस’ हा मोजमापाचा मुद्दा गळूनच पडला, हे एव्हाना लक्षात आलं असेल.

तिसरी वाट: ‘हंगामाचा एकूण पाऊस सरासरीच्या आसपास भरला. पण पावसाचे दिवस कमी झाले, आणि दोन पावसांमधला खंड वाढला.’ इथं ‘सामान्य’ गेलं आणि ‘सरासरीच्या आसपास’ आलं, म्हणून ते कोणाच्या पिकाबद्दल काही म्हणत नाही. ‘पावसाचा दिवस’ला जमलं तर अर्धं वाक्य जोडावं: ‘अडीच मिलिमीटरच्या खालची भुरभुर यात धरलेली नाही.’ नाहीतर ‘आमच्याकडं तर रोज शिंतडत होतं’ असं मागून कोणीतरी म्हणणारच.

‘खंड’ हा शब्दही सहज सुचलेला नाही. या वाटेच्या पहिल्या खर्ड्यात मी ‘उघडीप’ लिहिलं होतं. गावातल्या एका मावशींनी थांबवलं, ‘उघडीप झाली की खुरपणी उरकते बाबा, तुम्ही दुःखाचं काय सांगताय?’ बरोबर होतं त्यांचं. उघडीप हवीशी असते, तिच्यानंतर वाफसा येतो. पिकाला मारतो तो खंड. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द चालतो, आपल्याकडं नाही.

असाच चकवा ‘हवामान बदल’मध्ये आहे. हवामान अंदाजातलंही हवामान आणि तीस वर्षांच्या सरासरीचंही हवामानच. ऐकणारा म्हणतो, ‘हवामान तर रोजच बदलतंय.’ शब्द आता रुळलाय, टाळता येत नाही. पण पहिल्यांदा येईल तिथं ‘ऋतुमानच बदलत चाललंय’ असं म्हणून घ्यावं, मग पुढं ‘हवामान बदल’ बिनधास्त वापरावा. कोशाच्या वाटेनं गेलं की हा खुलासा राहून जातो, कारण कोशात शब्द बरोबरच असतो.

आकड्यांचं काय? सगळं सोपं करायची हौस इथं नडते. मिलिमीटर बदलू नये. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, हे नुकसानभरपाईमुळे गावात बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्यांना ‘अडीच इंच’ सांगून आपणच अडाणी ठरतो. पाण्याचं प्रमाण डोळ्यांपुढं आणायचं असेल तर एक आधार पुरे: एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर साधारण चार हजार लिटर पाणी. हेक्टर मात्र बदलावं. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं, तोंडात एकर-गुंठे. ‘हेक्टरी १२ क्विंटल’चं ‘एकरी पाचेक क्विंटल उतारा’ करावं, आणि पडद्यावरच्या तक्त्यातही एकरच करून घ्यावं. आवाज एक आणि आकृती दुसरी असली की लोक आकृतीकडं बघत हिशोब करत बसतात, आणि पुढची दोन वाक्यं वाया जातात.

टक्क्यांसाठी ‘रुपयात चार आणे’ छान वाटतं. मीही एकदा ‘यंदा रुपयात बारा आणेच पाऊस’ लिहिलं होतं. ते वापरू नका. मराठवाड्यात आणेवारी, पैसेवारी म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज. ५० पैशांच्या आत आली की दुष्काळाची चर्चा सुरू होते. पावसाला आणे लावले की समोरचा पीक समजतो. ‘शंभर मिलिमीटर पडायचा तिथं पंच्याहत्तर पडला’ एवढं साधं पुरतं. आणि ‘एक पूर्णांक पाच अंश’ वाचायला लावू नये. आपल्याकडं दीड आहे, अडीच आहे, सव्वा आहे, वेळही वाचतो. फक्त दीड अंश म्हटलं की लोकांना बेचाळीसचं साडेत्रेचाळीस झाल्यासारखं वाटतं, म्हणून ‘साऱ्या पृथ्वीची, वर्षभराची सरासरी’ हे शब्द त्याच श्वासात हवेत.

मग बाकीच्या दोन वाटा कधी? प्रेक्षक कृषी अधिकारी किंवा कृषी विद्यापीठातले विद्यार्थी असतील तर कोशाची भाषा घ्या, त्यांना पुढं अहवालात तेच शब्द लागतात. बोली ठेवायची असेल तर ती माणसांच्या मुलाखतीत ठेवा. तिथं भाषांतर करणाऱ्यानं हात लावूच नये. इतर भाषेतल्या शेतकऱ्याचं बोलणं मराठीत आणताना मात्र त्याला बोली चिकटवू नका, पंजाबचा माणूस औशाचा वाटायला लागतो.

निवड पक्की करण्याआधी पाच मिनिटांचा कच्चा आवाज दहा-बारा जणांना ऐकवा. ‘कळलं का?’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. वरच्या वाक्यापाशी थांबवून विचारा, ‘मग या गावात त्या साली सोयाबीनचं काय झालं असेल?’ आमच्याकडं कोशाच्या मराठीतल्या मसुद्याला उत्तर आलं होतं, ‘चांगलंच आलं असंल की.’ तिसऱ्या वाटेच्या मसुद्याला एक आजोबा पडद्याकडं बघतच म्हणाले, ‘शेंगा भरायच्या टायमाला खंड पडला आसंल तर कशाचं काय.’

तोच मसुदा ध्वनिमुद्रणाला गेला.