कॉल-बॅक केला होता, पण नंबर त्यांनीच दिलेला: ४,३४,२४० रुपये गेले

अकाउंट्समध्ये अकरा वर्षं झाली मला. त्यामुळे "खात्री न करता पैसे कसे पाठवले?" असं कोणी विचारलं की डोकं फिरतं. खात्री केली होती, फोनही केला होता. चूक कुठे झाली ते नीट लिहिते, कारण नवीन व्हेंडरचं पहिलं पेमेंट तुम्हीही करत असाल.

आमचं भोसरीत वर्कशॉप आहे. राजकोटच्या एका नवीन सप्लायरकडे मशीनची ऑर्डर दिली होती: ९,२०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १०,८५,६००. त्याचे ४० टक्के ॲडव्हान्स, ४,३४,२४०. शुक्रवारी दुपारी मेल आला, की जुन्या खात्याचं ऑडिट चालू आहे, सुधारित प्रोफॉर्मा जोडलाय, पैसे या खात्यात टाका. पीओ नंबर, मॉडेल, रक्कम सगळं बरोबर. सोबत कॅन्सल चेक. मेल आयडीत एकच अक्षर इकडचं तिकडे होतं, ते मला मंगळवारी दिसलं.

नियमाप्रमाणे कॉल-बॅक केला, म्हणजे खातं त्यांचंच आहे ना हे विचारायला मी स्वतः फोन लावला. नंबर? त्याच सुधारित प्रोफॉर्मावर छापलेला. चोराने दिलेल्या नंबरवर फोन केला तर चोरच उचलणार, एवढं साधं आहे हे. पण समोर लेटरहेड, शिक्का, सही असली की तो नंबर सप्लायरचाच वाटतो.

आणि तो क्षण अजून कानात आहे. मी खाते नंबर वाचून दाखवत होते आणि घाईत शेवटचे ४७ मी ७४ वाचले. पलीकडचा म्हणाला, "हां मॅडम, बराबर है, डाल दो." मीच म्हटलं, "नाही, ४७." त्यावर तो पुन्हा, "हां हां, वही." स्वतःचा खाते नंबर चुकीचा वाचला गेला आणि माणसाने टोकलं नाही! तिथेच फोन ठेवून पेमेंट थांबवायला हवं होतं. पण पर्चेसवाले साहेब डोक्यावर उभे होते, "आज ॲडव्हान्स नाही गेला तर डिलिव्हरी महिनाभर पुढे जाईल." ५:४० ला आरटीजीएस मारलं. मालकांनी मोबाइलवरून अप्रूव्ह केलं.

म्हणून सांगते, खाते नंबर आपण वाचायचाच नाही. त्यांना वाचायला लावायचा, आपण कागदावर बोट ठेवून ताडायचा.

मंगळवारी सकाळी खऱ्या सप्लायरचा फोन आला, "मॅडम, ॲडव्हान्स?" पर्चेसवाल्या साहेबांच्या पाकिटात त्या माणसाचं व्हिजिटिंग कार्ड होतं, प्रदर्शनात प्रत्यक्ष हातात घेतलेलं. माझ्या टेबलापासून चार पावलांवर. पहिल्या पेमेंटला आपल्याकडे जुना नंबर नसतो, म्हणून नंबर असाच वेगळ्या वाटेने मिळवायचा: जो माणूस सप्लायरला भेटलाय त्याच्याकडून, किंवा कोटेशनच्या वेळी, बँक डिटेल्सचा विषय निघायच्या आधी आलेल्या कागदावरून. त्यांचाच फोन आला तर तो कॉल-बॅक नव्हे. ठेवून आपण लावायचा.

१२:२० ला १९३० वर तक्रार नोंदवली. त्यांनी यूटीआर नंबर मागितला, तो शोधण्यातच माझी दहा मिनिटं गेली. पेमेंट झाल्या झाल्या लिहून ठेवत जा. मग बँक. "मॅडम, मेकर तुम्ही, चेकर तुमचे मालक. बँकेची चूक काय?" मी म्हटलं, लाभार्थीच्या नावात मी कंपनीचं नाव टाकलं होतं, पैसे एका भलत्याच माणसाच्या नावावरच्या खात्यात कसे गेले? म्हणे पैसे खाते नंबरवर जमा होतात, नाव जुळवलं जात नाही. मग तो रकाना भरून कशाला घेता आमच्याकडून? आरटीजीएस-एनईएफटीसाठी लाभार्थीचं नाव आधी दाखवायची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्या, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं होतं. आम्ही फाइल अपलोड करून पेमेंट करतो, तिथे ती सोय वापरायची हे शाखेतल्या एकानेही कधी सांगितलं नाही. पोलीस चौकीत म्हणाले सायबरला जा. सायबरला म्हणाले, स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का आणा. शिक्क्यासाठी बँकेत गेले तर अधिकारी रजेवर. तीन दिवस मी पिशवीत त्याच झेरॉक्स घेऊन फिरत होते आणि तिकडे खातं रिकामं होत होतं. अखेर ६१,५०० गोठवले गेले. तेही सोडवायला कोर्टाची ऑर्डर हवी.

नाव दिसलं तरी कॉल-बॅक सोडू नका. मिळत्याजुळत्या नावाची प्रोप्रायटरशिप काढून खातं उघडता येतं, आणि कॅन्सल चेकचा पीडीएफ तर कोणीही बनवतो.

गेल्या आठवड्यात खरा ॲडव्हान्स पाठवला. कार्डावरच्या नंबरवर फोन मी लावला, आकडे त्यांनी वाचले, मी एक मुद्दाम चुकीचा उच्चारला. "नही नही मॅडम, गलत है," ते लगेच म्हणाले. व्हेंडर फॉर्मच्या मागे तारीख, वेळ, लावलेला नंबर, तो कुठून मिळाला आणि कोण बोललं हे लिहिलं, पर्चेसची सही घेतली, आणि मगच मालकांकडे अप्रूव्हलला टाकलं.