बाष्परोधक कागद: फोमच्या वर की खाली?

उणे 20 अंशांच्या शीतगृहाची फरशी करताना पॉलिथिनचा बाष्परोधक कागद काँक्रीटखालच्या उष्णतारोधक फोमच्या वर टाकायचा मोह होतो, कारण मग काँक्रीटचे पाणी फोमच्या सांध्यांत झिरपत नाही. पण बाष्प चढते ते उबदार जमिनीतून थंडीकडे. ते फोमच्या सांध्यांत शिरून गोठते, फोमचा उष्णतारोध घटतो आणि गारठा मातीत उतरतो. मातीत बर्फाचे थर साचले की फरशी फुगते. दार घासू लागले, रॅक कलले, तर शंका घ्यावी.

कागद फोमखाली, सांधे चिकटवून, भिंतीच्या बाष्परोधकाला जोडला, तर बाष्प तिथेच अडते. वरचा कागद फक्त ओतकामापुरता. मात्र 150 मिलिमीटर फोमही माती गोठणे लांबवतो, थांबवत नाही. त्याखाली हीटर किंवा हवेच्या नळ्या हव्यातच.