घोटा मुरगळला: लचक की फ्रॅक्चर, आणि एक्स-रे कधी?

पायरी चुकली, पाऊल आत वळलं, ‘कट्ट’ असा आवाज आला आणि थोड्याच वेळात घोट्याच्या बाहेरच्या अंगाला अंड्याएवढी सूज आली, की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, “बोटं हलतायत ना, मग हाड शाबूत आहे.” दुसरा म्हणतो, “एवढं सुजलंय म्हणजे मोडलंच.” दोन्ही निकष कुचकामी आहेत. बोटं हलवणारे बरेचसे स्नायू पोटरीत आणि तळव्यात असतात, त्यामुळे घोट्याचं हाड मोडलं तरी बोटं हलू शकतात. आणि हाडाला हाड बांधून ठेवणारं लिगामेंट फाटलं तरी आत रक्त साकळतं, पाऊल काळंनिळं पडतं. आवाजही दोन्हीत येऊ शकतो.

फरक कळतो तो दोन गोष्टींवरून: दाबल्यावर नेमकं कुठे दुखतं आणि त्या पायावर भार घेता येतो का. कॅनडातल्या ओटावा इथल्या डॉक्टरांनी 1992 मध्ये याच दोन गोष्टींवरून नियम बांधले. विनाकारण काढले जाणारे एक्स-रे कमी व्हावेत, हा त्यांचा हेतू होता.

घोट्याच्या दोन्ही बाजूंना हाडाचं एकेक टेंगूळ असतं. पाऊल आत वळतं तेव्हा बहुधा ताण येतो तो बाहेरच्या टेंगळाच्या पुढच्या-खालच्या बाजूच्या लिगामेंटवर. म्हणून साध्या लचकेत सर्वांत जास्त दुखतं ते तिथल्या मऊ भागात. हाड मोडलं असेल तर दुखणं हाडावरच सापडतं. तपासताना टेंगळाच्या पुढून दाबू नका, तिथे लचकही ठणकते. मागच्या कडेवर बोट ठेवा आणि टोकापासून वर साधारण 6 सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे चार बोटांच्या रुंदीइतकं, हळूहळू दाबत जा. मग आतल्या टेंगळाचंही तसंच करा. यातल्या कुठल्याही हाडावर दाबताच कळ आली, तर एक्स-रे काढायचा.

भाराची परीक्षा म्हणजे चार पावलं. लंगडत, तोंड वेडंवाकडं करत टाकली तरी ती चालली असं धरतात. पडल्यावर लगेचही नाही आणि तपासतानाही चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे हवा. मात्र घोटा वाकडा दिसत असेल, जखमेतून हाड दिसत असेल किंवा बोटं थंडगार, पांढरी, बधिर पडली असतील, तर चालवून बघायचं नाही. पाय आहे तसा आधार देऊन थेट इस्पितळात न्यायचं.

आता एक उदाहरण घेऊ. चाळिशीतली बाई, ओल्या जिन्याची शेवटची पायरी चुकली. सूज भरपूर, पण लंगडत सहा-सात पावलं चालली. दोन्ही टेंगळांच्या मागच्या कडा दाबल्या, काही नाही. घरचे म्हणणार लचक, क्रेप बँडेज बांधा. पण करंगळीपासून पावलाच्या बाहेरच्या कडेने मागे येत गेलं, की साधारण मध्यावर हाडाचा एक उंचवटा लागतो. तिथे बोट टेकताच ती किंचाळली. म्हणजे एक्स-रे हवाच, कारण पाय आत वळताना तिथलं हाड मोडणं नेहमीचं आहे आणि सगळ्यांचं लक्ष घोट्याकडे असल्याने ते हमखास निसटतं. ती चालली, म्हणून सुटली असं नाही. पावलाच्या आतल्या बाजूला, कमानीच्या वरच्या हाडावर दुखलं तरी हाच नियम.

यातलं काहीच नसेल तर महत्त्वाचं फ्रॅक्चर असण्याची शक्यता फार कमी. उलट मात्र खरं नाही: नियमाने एक्स-रे काढलेल्या बऱ्याच जणांचं हाड धड निघतं. तो खर्च मला वाया गेलेला वाटत नाही.

हे नियम सगळ्यांना लावू नयेत. मधुमेहामुळे पावलांची संवेदना कमी झालेल्याला मोडलेलं हाडही फारसं दुखणार नाही. दारू प्यायलेल्याच्या “नाही दुखत”वर विसंबता येत नाही. लहान मुलांत हाडाची वाढीची जागा नाजूक असते, त्यामुळे मूल पाय टेकत नसेल तर डॉक्टरांना दाखवलेलं बरं. हाडं ठिसूळ झालेल्या आजीच्या बाबतीतही मी थांबणार नाही. आणि गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला दाबून दुखत असेल तर ते आवर्जून सांगा. घोट्याला बसलेला पीळ कधी कधी तिथलं हाड मोडतो आणि फक्त घोट्याच्या एक्स-रेत ते दिसत नाही.

एमआरआयची मागणी पहिल्याच दिवशी करण्यात सहसा अर्थ नसतो. लचक ठरली तर पाय उंच ठेवा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटं लावा आणि पहिले दोन-तीन दिवस तेल लावून चोळणं टाळा. भार घेणं दिवसागणिक सोपं व्हायला हवं. पाच-सात दिवसांनीही पाय टेकवत नसेल, तर पहिला एक्स-रे स्वच्छ असला तरी पुन्हा दाखवा. बारीक चीर किंवा लिगामेंटची मोठी इजा शोधायला तेव्हा पुढच्या तपासण्या कामाला येतात.