ज्युनिअर हेअरस्टायलिस्ट पाहिजे: जाहिरात कोणती लावाल?

उदाहरणासाठी पुण्यातलं, कोथरूडच्या बाजूचं पाच खुर्च्यांचं युनिसेक्स सलून धरू. मालकीण स्वतः कात्री चालवते, दोन सीनियर आहेत आणि शाम्पूला एक मुलगा आहे. आता तिला शिकवून तयार करता येईल असा ज्युनिअर हवा आहे. तिच्यासमोर जाहिरातीचे दोन मसुदे आहेत.

पहिला: «नामांकित सलूनसाठी हेअरस्टायलिस्ट पाहिजेत. मुले/मुली. फ्रेशर चालेल. आकर्षक पगार + इन्सेंटिव्ह, कमाई ३०,००० पर्यंत. त्वरित संपर्क.»

दुसरा: «ज्युनिअर हेअरस्टायलिस्ट, १ जागा. पगार १६,००० महिना, पहिल्या महिन्यापासून. वेळ ११ ते ८, मध्ये एक तास जेवणाची सुट्टी. सोमवार बंद, शनिवार-रविवार काम असतंच. पहिले सहा महिने शाम्पू, ब्लो-ड्राय, रंग लावणे, कटिंग त्यानंतर. सर्टिफिकेटची अट नाही.»

पहिल्या जाहिरातीला फोन जास्त येतात, यात शंका नाही. पण ते कोणाचे येतात आणि पुढे काय होतं, हे पगाराचा हिशोब मांडल्यावरच कळतं.

या सलूनमध्ये इन्सेंटिव्हचा नियम बऱ्याच ठिकाणी असतो तसाच आहे: पगाराच्या तिप्पट बिल स्वतःच्या हाताने झालं की त्यावरच्या रकमेचे दहा टक्के. पगार १६,००० म्हणजे टार्गेट ४८,०००. ज्युनिअरकडे येणारं काम मुख्यतः पुरुषांचं कटिंग, २५० रुपयांचं. ३०,००० हातात यायला इन्सेंटिव्ह १४,००० हवा, म्हणजे टार्गेटच्या वर १,४०,००० आणि एकूण बिल १,८८,०००. २५० ने भागलं तर ७५२ कटिंग. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोज २९. आठ तासांत एका माणसाच्या हातून हे होणं शक्य नाही. नुसतं टार्गेट गाठायलाही रोज सात-आठ कटिंग लागतात, आणि पहिले सहा महिने तर त्याला खुर्चीच मिळणार नाही. म्हणजे «३०,००० पर्यंत» हा आकडा या जागेपुरता खोटा आहे. पहिला पगार हातात पडला की मुलगा हाच हिशोब करतो, आणि तुम्ही त्याला ब्लो-ड्राय शिकवून झालेला असताना शेजारच्या सलूनमध्ये जातो.

म्हणून दुसऱ्या मसुद्यात इन्सेंटिव्हबद्दल आणखी एक वाक्य घालावं: «पहिल्या वर्षात इन्सेंटिव्ह धरून चालू नका, टिप मिळेल ती तुमची.» हे वाचून काही जण फोन करणार नाहीत. त्यांना तसंही थांबायचं नव्हतं.

हातात किती येतं हेही लिहावं. दहापेक्षा कमी माणसं असल्यामुळे इथे ईएसआयची कपात नाही. व्यवसाय कर मात्र आहे: या पगारावर पुरुषाचे महिना २०० जातात (फेब्रुवारीत ३००), बाईला २५,००० पर्यंत माफी आहे. त्यामुळे हातात १५,८०० किंवा पूर्ण १६,०००. आकडा छापण्याआधी सलूनला लागू असलेला किमान वेतनाचा चालू दर तपासावा, कारण त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो.

वेळेच्या बाबतीत पहिली जाहिरात गप्पच आहे. दुसरीतली वेळ जेवण वगळून रोज आठ तास, सहा दिवसांचे ४८. दुकाने-आस्थापना कायद्याचं आठवड्याचं माप हेच आहे. लहान सलूनला त्या कायद्याच्या सगळ्या तरतुदी लागू नसल्या, तरी माप हेच धरावं. पण दुसरा मसुदाही इथे थोडं लपवतो. साडेसातला ग्लोबल कलरचं गिऱ्हाईक आत आलं की आठला कोणी सुटत नाही, सलूनमध्ये काम केलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. तेव्हा लिहावं: «महिन्यात चार-पाच वेळा साडेनऊ होतात, जादा तासाचे दुप्पट दराने पैसे.» १६,००० ला २६ दिवस आणि आठ तासांनी भागलं की तास ७७ रुपयांचा पडतो, दुप्पट १५४. आकडा छापल्यावर मालकिणीलाही शेवटची अपॉइंटमेंट कितीला घ्यायची याचा विचार करावा लागतो. लग्नसराईत रजा मिळणार नाही हेही आधीच सांगितलेलं बरं. मुलीच्या घरचे पहिला प्रश्न रात्री घरी कितीला येणार हाच विचारतात, आणि मोघम उत्तरावर चांगली मुलगी हातची जाते.

आता शिकाऊपणाचं. पहिल्या जाहिरातीतलं «फ्रेशर चालेल» म्हणजे काहीही. शिकायला आलेल्याला कोण शिकवणार, केव्हा आणि कशावर, हे हवं असतं. दुसऱ्यात दोन ओळी वाढवाव्यात: «मंगळवारी ११ ते १ सीनियरकडून शिकवणी, कामाच्या वेळेतच, आधी डमी हेडवर. रूट टच-अप आणि ब्लो-ड्राय एकट्याने जमू लागले की पगार १८,०००.» माणूस टिकवायला बाँड लिहून घेणं किंवा मूळ सर्टिफिकेट अडकवून ठेवणं यापेक्षा ही पगारवाढ जास्त उपयोगी पडते, कारण पुढची पायरी त्याला दिसत असते.

सर्टिफिकेटची अट काढली हे मला या मसुद्यातलं सर्वात शहाणपणाचं वाटतं. गावाकडच्या मामाच्या दुकानात लहानपणापासून कात्री-कंगवा धरलेल्या मुलाकडे कागद नसतो, पण त्याचा हात स्थिर असतो. आयटीआयमधून कॉस्मेटॉलॉजी केलेल्या मुलीला सेक्शन कसे घ्यायचे ते नीट माहीत असतं, पण अनोळखी माणसाच्या डोक्याला हात लावताना ती बिचकते. दोघंही तयार होतात. त्यांच्यात निवड करायला अर्ध्या दिवसाची चाचणी ठेवावी, आणि तिचे पैसे मिळतील हे जाहिरातीत लिहावं. एक शाम्पू करायला सांगा, डमीवर चार सेक्शन पाडायला सांगा, मग एक चूक दाखवून पुन्हा करायला सांगा. पहिला प्रयत्न कसा झाला यापेक्षा दुसऱ्यात काय बदललं ते बघा. सांगितलेलं ऐकून ज्याचा हात बदलतो, तो शिकतो.

एक ओळ दोन्ही मसुद्यांत नाही, ती घालावीच: «दिवसभर उभं काम, हात सतत ओले, हातमोजे आम्ही देतो.» शाम्पू आणि रंगाने बोटांच्या बेचक्यांत कातडी सोलवटते, खाज सुटते. हेअर कलरची ॲलर्जी असलेल्याला हे काम झेपत नाही, आणि ते त्याला आधी कळायला हवं.

दुसरी जाहिरात लावायची, तर दोन गोष्टी धरून चालाव्या लागतील. फोन कमी येतील, आणि माणूस मिळायला पंधरा दिवस-महिना जास्त लागू शकेल. पुढच्या आठवड्यापासून खुर्ची भरायची असेल, तर ही जाहिरात तुमच्या कामाची नाही. तेव्हा सीनियरची जागा काढा आणि सीनियरचाच पगार छापा. ज्युनिअरच्या नावाखाली तयार हात स्वस्तात मिळेल या आशेने पहिला मसुदा लावू नका.

राहिला लांबीचा प्रश्न. व्हॉट्सॲपच्या पोस्टरवर एवढं मावत नाही. पोस्टरवर चारच गोष्टी ठेवा: पगार १६,०००, वेळ ११ ते ८, सोमवार बंद, कटिंग सहा महिन्यांनंतर. बाकीचं फोन करणाऱ्याला लगेच मेसेजने पाठवा आणि वाचून झाल्यावर चाचणीचा दिवस ठरवा.