कॉलम जॅकेटिंगमध्ये आमची झालेली फसवणूक: कागदावर ३२३८, बीमखाली ७५९

ज्यांच्या घरात कॉलमला जॅकेटिंग चाललंय किंवा करायचंय त्यांनी प्लीज शेवटपर्यंत वाचा, मोठं झालंय पण एकही गोष्ट गाळावीशी वाटली नाही. आमचं घर तळमजला आणि वर एक मजला असं आहे, आणखी एक मजला चढवायचा होता. स्ट्रक्चरल इंजिनिअरने तपासून सांगितलं की तळमजल्याचे मधले सहा कॉलम वाढीव भाराला पुरणार नाहीत, त्यांना चारी बाजूंनी १०० मिमी काँक्रीटचं जॅकेट करा. ड्रॉइंग त्याने दिलं, काम आम्ही एका रिपेअरवाल्या कॉन्ट्रॅक्टरला दिलं आणि चूक तिथे झाली, कारण काम चालू असताना इंजिनिअरला पुन्हा बोलवायचं आम्ही टाळलं. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, काम झालं की कॅपॅसिटीचं कॅल्क्युलेशन मीच देतो, वेगळा माणूस कशाला.

काम संपलं, कॉलम गुळगुळीत चौकोनी दिसायला लागले, हातात दोन पानी कॅल्क्युलेशन आलं, त्यात लिहिलेलं की प्रत्येक कॉलम ३२३८ किलोन्यूटन घेतो. लागणारा भार ९५०. आम्ही निर्धास्त.

वरच्या मजल्याचं काम सुरू करायच्या आधी माझा आतेभाऊ आला, तो स्वतः स्ट्रक्चरचं काम करतो. त्याने कागद बघितलाच नाही आधी. तळमजल्यावर एक चक्कर मारली, मग वर गेला आणि मला विचारलं, "दादा, इथली फरशी कधी बदलली?" मी म्हटलं बदलली नाही, जुनीच आहे, कॉन्ट्रॅक्टरने एक फरशीसुद्धा फोडली नाही, वर तर धूळही आली नाही. तो गप्प झाला. मग म्हणाला, "मग सळ्या वर आल्या कुठून?"

ड्रॉइंगमध्ये स्पष्ट होतं की जॅकेटच्या आठ सळ्या, प्रत्येक कोपऱ्यात दोन, म्हणजे बीमच्या आड येणार नाहीत अशा, स्लॅबला भोकं पाडून वरच्या मजल्यावर काढायच्या आणि फरशीच्या वर अडीच फूट कॉलमभोवती जॅकेट करून तिथे संपवायच्या. हे करायचं तर वरची फरशी कॉलमभोवती फोडावीच लागते, स्लॅबला ड्रिल मारावंच लागतं, दुसरा रस्ताच नाही. आमच्या वरच्या खोल्यांत कॉलमच्या कडेची फरशी जशीच्या तशी. एवढी साधी खूण आमच्या डोळ्यासमोर होती आणि आम्ही ती कामाची सफाई समजलो.

खाली येऊन त्याने शिडी लावली. बीमच्या तळाला जिथे जॅकेट भिडतं तिथे प्लॅस्टरमध्ये केसासारखी आडवी चीर होती, चारी बाजूंनी फिरलेली. छिन्नीचे दोन घाव घातले आणि प्लॅस्टरचा तुकडा पडला, त्याच्यामागे काँक्रीट नव्हतं, थर्माकोल होता. पांढरे दाणे माझ्या हातावर पडले. थर्माकोल ओढून काढला तर आत ५० मिमीची पोकळी, त्यात हात घातल्यावर बोटाला सळीचं कापलेलं टोक लागलं, बीमच्या कडेला, स्लॅबच्या खालीच थांबलेलं. सहाही कॉलमला हेच. खाली तर आणखी वाईट, जॅकेट सरळ तळमजल्याच्या टाइल्सवर बसवलेलं, फुटिंगपर्यंत म्हणजे कॉलमच्या पायापर्यंत खोदलंच नव्हतं, सळ्याही टाइलवर उभ्या.

आता हा मुद्दा नीट समजून घ्या. त्याने मला एका पाठकोऱ्या कागदावर सगळा हिशोब करून दाखवला. कॉलम आखूड असेल आणि भार जवळजवळ मधोमध येत असेल तर आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकातलं सूत्र असं आहे:

```
Pu = 0.4 fck Ac + 0.67 fy Asc
```

पहिला भाग काँक्रीटचा, fck त्याची ताकद आणि Ac क्षेत्रफळ. दुसरा सळ्यांचा, fy त्यांची ताकद आणि Asc क्षेत्रफळ. ताकदीचे सगळे आकडे न्यूटन प्रति चौरस मिमी. आमचा जुना कॉलम ३०० बाय ३००, चार १६ मिमी सळ्या, सळीची ताकद ४१५, आणि कोअर टेस्टमध्ये, म्हणजे कॉलममधून काँक्रीटचं नळकांडं कापून केलेल्या तपासणीत, काँक्रीट साधारण १५ चं निघालेलं. त्याचे काँक्रीटचे ५३५ आणि सळ्यांचे २२४, मिळून ७५९ किलोन्यूटन. दहा किलोन्यूटन म्हणजे ढोबळ एक टन धरा, म्हणजे ७६ टन. लागतात ९५, कमी पडतात १९ टन.

जॅकेट झाल्यावर कॉलम ५०० बाय ५००. वाढलेलं क्षेत्रफळ १,६०,००० चौरस मिमी, नवं काँक्रीट २५ चं, आठ १६ मिमी सळ्या ५०० ताकदीच्या. नव्या काँक्रीटचे १५८४, नव्या सळ्यांचे ५३९, बेरीज जवळजवळ २१२२. जुने ७५९ मिळवले की २८८१. मग कॉन्ट्रॅक्टरच्या कागदावर ३२३८ कुठून आले? त्याने अख्खा ५०० बाय ५०० चौकोन २५ च्या काँक्रीटचा धरला, आतलं जुनं १५ चं काँक्रीटसुद्धा नवं म्हणून मोजलं. ३५७ किलोन्यूटन हवेतून आले. पण आतेभाऊ म्हणाला ही फसवणूक किरकोळ आहे, खरी पुढे आहे.

जॅकेटमध्ये कॅपॅसिटीचा आकडा जवळजवळ नेहमी पुरून उरतो, कारण काँक्रीट नीट भरायला जागा हवी म्हणून १०० मिमी जाडी ठेवावी लागते आणि तेवढ्याने क्षेत्रफळ अडीच पटीच्या पुढे जातं. आम्हाला हवे होते १९ टन, जाडीमुळे कागदावर २०० च्या वर मिळाले. म्हणून प्रश्न किती वाढलं हा नाही, भार त्या जॅकेटमध्ये शिरतो कुठून आणि बाहेर पडतो कुठून हा आहे. आमच्या कॉलमला बीमच्या खाली ५० मिमीत थर्माकोल, म्हणजे त्या पट्टीत कॉलम जुनाच, ३०० बाय ३००, ७५९ वाला. मधे पाचशेचा असो नाहीतर हजाराचा असो, वरून येणारा सगळा भार त्या पट्टीतून जुन्या काँक्रीटवरूनच उतरणार. आणि सळ्या दोन्ही टोकांना तुटलेल्या, त्यामुळे त्यांचे ५३९ तसेही गेले. म्हणजे ज्या जागी कॉलम सगळ्यात कमजोर तिथे वाढ शून्य.

मी विचारलं, पण जॅकेट जुन्या कॉलमला चिकटलंय ना, मग बाजूने भार जाईल की. हे चूक नाही, चिकटलेलं असेल तर काही भार बाजूने जातो. पण ती पोकळीची पट्टी त्याने बदलत नाही, आणि आमचं तर चिकटलेलंही नव्हतं. त्याने एका कॉलममधून कोअर काढून घेतला, आडवा, बाहेरून आत. नळकांडं मशीनमधून बाहेर आलं आणि हातात घेतल्याघेतल्या दोन तुकडे झालं. नव्या तुकड्याच्या टोकाला जुनं प्लॅस्टर चिकटलेलं होतं आणि त्यावर निळा रंग! आमच्या भिंतीचा जुना निळा. म्हणजे त्या माणसाने रंग आणि प्लॅस्टरसुद्धा न काढता त्याच्यावर जॅकेट ओतलं. जुना कॉलम खडी दिसेपर्यंत टोचून खडबडीत करायचा असतो, साधारण ६ मिमीचे चढउतार यायला हवेत, मग धूळ उडवून, बाँडिंग कोट लावून किंवा पृष्ठभाग ओला करून काँक्रीट ओततात. जुन्या कॉलममध्ये भोकं पाडून आडव्या सळ्या केमिकलने बसवायच्या होत्या त्याही नव्हत्या. फोटो मात्र सगळ्यांचे पाठवलेले! नंतर शांतपणे बघितले तर सहा कॉलमचे म्हणून आलेले फोटो एकाच कॉलमचे होते, वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले. मागे तीच तुटकी बादली.

कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं तर म्हणे, काँक्रीट वरून ओतता येत नव्हतं म्हणून गॅप राहिला, ग्राउटने भरून देतो. हे ऐकून समाधान मानू नका. त्या पोकळीत ग्राउट भरलं तरी सळ्या जोडल्या जात नाहीत, रंगावरचा थर चिकटत नाही आणि टाइलवरचं जॅकेट फुटिंगवर उतरत नाही. आम्ही सहाही जॅकेट फोडली, फार मनस्ताप झाला, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दुसरीकडे ठेवावं लागलं.

पुन्हा करताना आधी बीमखाली प्रॉप म्हणजे तात्पुरते टेकू लावून, जॅकने घट्ट करून जुन्या कॉलमवरचा भार शक्य तेवढा उचलला. हे का, तर कॉलम भाराखाली आधीच दबलेला असतो, नवं जॅकेट त्याच्याभोवती बिनभाराचं तयार होतं, म्हणून प्रॉप न लावता केलं तर आधीचा भार मुख्यतः जुन्याच काँक्रीटवर राहतो आणि जॅकेट फक्त नंतर येणाऱ्या भारात वाटा घेतं. याच कारणाने आतेभावाने नव्या भागाचे पूर्ण २१२२ धरलेच नाहीत, स्वतःच्या अंदाजाने पाऊण धरले, १५९१, अधिक ७५९, म्हणजे २३५०. तरी ९५० ला भरपूर. फुटिंगपर्यंत खोदून सळ्या केमिकलने रोवल्या, फुटिंग वाढीव भाराला पुरतं हेही तेव्हाच तपासलं. वर फरशी फोडली, स्लॅबला सळ्यांची भोकं आणि ओतायची वेगळी भोकं पाडली, आणि पातळ वाहणारं मायक्रो काँक्रीट वरच्या मजल्यावरून ओतलं, त्यामुळे ते बीमच्या तळाला दाबून भरतं आणि खाली बसून पोकळी राहत नाही. आमच्या आधीच्या माणसाने शटरिंगच्या बाजूने ओतलं होतं, तसं केलं की वरचा पट्टा रिकामा राहणारच, मग थर्माकोल घालायचा मोह होतो.

तुमच्याकडे काम चालू असेल तर शटरिंग लागायच्या आधी प्रत्येक कॉलमजवळ स्वतः जा. वर फरशीतून सळ्या बाहेर आल्यात का बघा, खाली खड्ड्यात फुटिंग दिसतंय का बघा, जुन्या कॉलमवर हात फिरवा, खडी हाताला टोचली पाहिजे. शटरिंग काढल्यावर बीमखालची जागा प्लॅस्टर करायच्या आधी टॉर्चने बघा आणि हातोडीने वाजवा, भद्द आवाज आला तर पुढचं काम थांबवा. आणि कॅल्क्युलेशन देणारा माणूस काम करणाऱ्यापेक्षा वेगळा ठेवा.

आमच्या सहाही कॉलमचा बीमखालचा वीतभर पट्टा मी अजून प्लॅस्टर करू दिलेला नाही. वरचा स्लॅब ओतून आता बरेच महिने झाले, दर रविवारी शिडी लावून बघतो, काँक्रीट बीमला भिडलेलं आहे, चीर नाही.