नवा म्हणून विकलेला जुना थ्रीडी प्रिंटर आणि सात दिवसांची मुदत

कोल्हापुरात फाउंड्रीसाठी लहान पॅटर्न करून देण्याचे माझे काम आहे. त्यासाठी जून महिन्यात मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून १८,५०० रुपयांचा थ्रीडी प्रिंटर मागवला. यंत्र ‘नवे, सीलबंद’ असल्याचे पानावर स्पष्ट लिहिलेले होते. ११ जूनला खोके आले आणि ओटीपी सांगून मी ते ताब्यात घेतले. खोके उघडण्याआधीच ओटीपी द्यावा लागतो, त्यामुळे आत काय आहे हे पाहण्यापूर्वीच माल व्यवस्थित मिळाल्याची नोंद आपल्या नावावर होते.

अ‍ॅक्रिलिकच्या चौकटीला डाव्या खालच्या कोपऱ्यापासून बोटभर लांबीचा तडा होता. यंत्र सुरू केल्यावर पहिल्याच थरापासून प्लास्टिकची तार पुढे ढकलणाऱ्या एक्स्ट्रूडरमधून टक्-टक् असा आवाज येऊ लागला आणि थर विरळ पडू लागले. मी त्याच संध्याकाळी तक्रार नोंदवली. विक्रेत्याच्या माणसाने अतिशय गोड बोलून आधी वस्तू ज्यावर छापली जाते त्या पलंगाची पातळी पुन्हा जुळवायला, मग तापमान वाढवायला आणि शेवटी प्लास्टिक वितळवणारा हॉटएंड उघडून त्याच्या टोकाचे नोझल साफ करायला सांगितले. प्रत्येक उत्तराला एक-दोन दिवस लागत होते. १९ जूनला उत्तर आले, की परतीची सात दिवसांची मुदत संपली आहे, तडा स्क्रू जास्त आवळल्यामुळे गेला आहे आणि ग्राहकाने हॉटएंड उघडल्याने वॉरंटीही रद्द झाली आहे. दीड हजार रुपये घेऊन तक्रार बंद करावी, अशी तयारी त्यांनी दाखवली.

माझी फसवणूक नेमकी इथे झाली. दुरुस्तीच्या सूचना चुकीच्या नव्हत्या, कारण असा आवाज आल्यावर जाणकार माणूसही त्याच गोष्टी तपासायला सांगेल. पण परतीची विनंती अधिकृतपणे न नोंदवता मी त्या सूचना पाळत बसलो, आणि विक्रेत्याला तेवढेच हवे होते. परतीची विनंती पहिल्याच दिवशी नोंदवावी. दुरुस्तीचे प्रयत्न त्यानंतर करता येतात.

त्यानंतर मी यंत्राची शिस्तीने तपासणी केली. एक्स्ट्रूडरची मोटर फिलामेंट, म्हणजे ती प्लास्टिकची तार, पुढे ढकलते. पुढचा अडथळा तिच्या ताकदीपेक्षा जास्त झाला की मोटर झटका घेऊन मागे सरकते, आणि तो टक् आवाज त्या सरकण्याचा असतो. म्हणून प्रश्न एवढाच उरतो की अडथळा कुठे आहे. नोझल पलंगाला फार टेकलेले असले तरी आवाज येतो, म्हणून मी ते पाच सेंटिमीटर वर उचलले, एक्स्ट्रूडरच्या तोंडापासून १२० मिलिमीटरवर फिलामेंटला खूण केली आणि संगणकावरून पुढील आज्ञा दिल्या:

```
M109 S210
M83
G1 E100 F60
```

म्हणजे २१० अंशांवर, मिनिटाला ६० मिलिमीटर अशा संथ गतीने १०० मिलिमीटर फिलामेंट आत जायला हवे होते आणि खूण तोंडापासून २० मिलिमीटरवर यायला हवी होती. ती ४९ वर थांबली. १०० ऐवजी ७१ मिलिमीटरच आत गेले. मग टेफ्लॉनची नळी सोडवून तीच चाचणी मोकळ्या हवेत घेतली, तर आवाज नाही आणि १०० मिलिमीटर पूर्ण बाहेर. मोटर आणि दातेरी चाक निर्दोष होते. अडथळा पुढे, हॉटएंडमध्ये होता.

मी नळीचे गरम टोक बाहेर काढले तेव्हा त्यावर काळ्या, जळक्या प्लास्टिकची गुठळी चिकटलेली होती. सोबत आलेले नमुन्याचे फिलामेंट पांढरे होते आणि काळे मी वापरलेच नव्हते. अर्थात कारखान्यात एखादी चाचणी छापून पाहतात, त्यामुळे नव्या नोझलमध्ये थोडे अवशेष सापडणे हा काही पुरावा नव्हे. म्हणून मी `M78` ही आज्ञा दिली. यंत्र चालवणाऱ्या मार्लिन फर्मवेअरमध्ये मोजणीची सोय चालू ठेवलेली असेल, तर या आज्ञेने यंत्राने आजवर केलेल्या कामाचा हिशेब मिळतो. पडद्यावर हे आले:

```
Stats: Prints: 212, Finished: 163, Failed: 49
Stats: Filament used: 1380.42m
```

त्याच उत्तरात एकूण वेळ सतरा दिवसांहून अधिक होती. माझ्याकडे फक्त तीन प्रयत्न झाले होते. १,३८० मीटर म्हणजे १.७५ मिलिमीटर जाडीच्या पीएलए प्लास्टिकचे चार किलोहून अधिक फिलामेंट होय. कोणीतरी ते यंत्र महिनोन्महिने राबवून परत केले होते आणि विक्रेत्याने ते पुन्हा खोक्यात भरून मला नवे म्हणून दिले होते. (आकडा शून्य दिसला म्हणून यंत्र नवेच, असे मात्र मानू नये, कारण ही नोंद पुसता येते.)

मग मी तडा भिंगाखाली पाहिला. स्क्रू जास्त आवळल्याने गेलेला तडा छिद्रापासून सुरू होतो; हा कडेपासून सुरू होऊन छिद्राला न शिवता गेला होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना धुक्यासारखा पांढरट पट्टा होता. झटपट चिकटणारा गोंद अ‍ॅक्रिलिकवर असाच पांढरा उमटतो. तडा आधीच कोणीतरी चिकटवलेला होता.

२१ जूनला मी विक्रेत्याला आणि खरेदीच्या मंचाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एकच पत्र पाठवले. त्यातला मुख्य भाग असा:

“महोदय, आपण मला विकलेले यंत्र नवे नाही. त्याच्या स्मृतीत २१२ छपाया नोंदलेल्या असून त्यांपैकी माझ्या केवळ तीन आहेत. पडद्याचे छायाचित्र सोबत जोडले आहे. चौकटीवरील तडा गोंदाने चिकटवलेला आहे. खोक्याचे कोपरे शाबूत आहेत, म्हणजे हे वाहतुकीतले नुकसानही नाही. हॉटएंड मी आपल्या प्रतिनिधीच्या १५ जूनच्या लेखी सूचनेवरून उघडला. तो संवाद जोडला आहे. माझी पहिली तक्रार ११ जूनची, म्हणजे मुदतीतली आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार सदोष किंवा जाहिरातीतील वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास व पैसे परत करण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. मला दुरुस्ती अथवा सुटा भाग नको. पूर्ण १८,५०० रुपये परत हवेत, आणि यंत्र आपल्या खर्चाने न्यावे.”

पत्रात मी कोठेही ‘फसवे’ किंवा ‘चोर’ असा शब्द वापरला नाही, कारण अशा शब्दाला उत्तर देणे सोपे असते आणि आकड्याला अवघड. याच नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचे असते. पोच वेळेत आली नाही, तेव्हा मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवून तो तक्रार क्रमांक त्याच पत्रव्यवहारात पाठवला. पुढची पायरी म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाचा अर्जही तयार ठेवला होता. ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही, हे विक्रेत्याला माझ्यापेक्षा आधी ठाऊक असावे.

१० जुलैला पूर्ण रक्कम खात्यात जमा झाली. दोन दिवसांनी यंत्र न्यायला माणूस आला. तो येण्याआधी मी मदरबोर्डवरच्या क्रमांकाचे छायाचित्र काढले आणि न पुसल्या जाणाऱ्या शाईने चौकटीवर, तड्याच्या शेजारी, ठळक अक्षरांत लिहिले: ‘तडा गेलेला, वापरलेला. ११ जून’.